बाबांचं ईमेल आणि फेसबुक: बंद करावं की राहू द्यावं?

धाकटा, रामबाग (इंदूर)
बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. जीमेल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं चालूच आहे. फोन माझ्याकडे आहे, पिन माहीत आहे. पुण्याचा दादा म्हणतो डिलीट कर, आई म्हणते हात लावू नको. परवा एका काकांनी बाबांच्या फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या. ते वाचून आई दिवसभर जेवली नाही. आधी काय करू?

सुदामानगरकर
दादा बरोबर सांगतोय. लवकर बंद करा. आमची मावशी गेल्यावर सहा महिन्यांनी तिच्या अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलं आणि भिशीतल्या बायकांकडे पैसे मागितले. दोघींनी पाठवले, कारण मावशी गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. नगर निगमचा मृत्यू दाखला गूगलला पाठवा, ते पासवर्ड देतात, मग सगळं पुसून टाका.

लोकमान्यनगरची वहिनी
दाखला लागतो हे खरं, पण पासवर्ड गूगल कुणालाच देत नाही. घरचे लोक खातं बंद करण्याची किंवा त्यातला काही मजकूर मिळवण्याची विनंती करू शकतात. मजकूर मिळेलच असं नाही.

आमच्याकडे घाई नडली. सासरे गेल्यावर तिसऱ्याच दिवशी पुतण्याने भाबडेपणाने फेसबुकला कळवलं. त्यांच्या नावाच्या वर `Remembering` आलं, वाढदिवसाची आठवण जाणं थांबलं, हे चांगलंच झालं. पण त्यानंतर त्या खात्यात कुणालाच शिरता येत नाही, पासवर्ड असला तरी. आणि गल्लीच्या गणपती मंडळाच्या पेजचे सासरे एकटेच अ‍ॅडमिन होते. एकुलत्या अ‍ॅडमिनचं खातं असं स्मृतिखातं झालं की पेजही काढलं जातं. सगळ्या उत्सवांचे फोटो गेले. चूक आमची, आधी पाहायला हवं होतं.

म्हणून, धाकट्या, बाबा कुठलं पेज चालवत होते का ते आधी बघ. सिमचं रिचार्ज चालू ठेव. सलग 90 दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याला मिळतो आणि बाबांचे ओटीपी त्याच्या हाती जातात. बँक, वीजबिल, विमा यांचे मेल जीमेलवरच येतात, बाकीच्या खात्यांचे पासवर्डही तिथूनच बदलतात, तेव्हा जीमेल सगळ्यात शेवटी बंद कर. त्याआधी `takeout.google.com` वरून फोटो आणि मेल उतरवून घे.

आईंना मात्र हे सांग की हात न लावल्यानेही फोटो टिकत नाहीत. 2 वर्षं वापर नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, फोटोंसकट.

लश्करवाले (ग्वाल्हेर)
वहिनी, बाकी पटलं, पण बाबांच्या पिनने शिरून उतरवून घ्यायला सांगणं मला पटत नाही. दुसऱ्याच्या खात्यात शिरणं फेसबुकच्या नियमात बसत नाही. नियम सोडा, त्यात त्यांच्या मित्रांनी विश्वासाने लिहिलेलंही असतं. माझ्या वडिलांचे मेल मी वाचले. एका मित्राने घरच्या भांडणाचं लिहिलं होतं. आज ते काका भेटले की माझी नजर खाली जाते.

लोकमान्यनगरची वहिनी
हे तुमचं खरं आहे. फोटो घ्यावेत, मेसेज उघडू नयेत, असं मी म्हणेन. पण पेजला दुसरा अ‍ॅडमिन जोडायचा तर आत शिरावंच लागतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतापनगर, बडोदा
बँकेत नॉमिनी असेल तर काही अडचण येत नाही. आमचं एका आठवड्यात झालं.

सुदामानगरकर
बँकेचं नाही हो विचारलंय! पण फेसबुकलाही वारस नेमता येतो म्हणतात, मग तो सगळं बघू शकतो ना?

लोकमान्यनगरची वहिनी
नाही. बाबांनी हयातीत नेमला असेल तरच, आणि तोही त्यांचे मेसेज वाचू शकत नाही. फोटो बदलणं, वर एक निरोप लावणं, खातं काढून टाकायला सांगणं, अशी मोजकीच कामं. गूगलमध्येही आपल्या पश्चात कुणाला काय द्यायचं ते आधी लिहून ठेवता येतं. मी माझं ठेवलं.

रामबागेतल्या आजी
लोकांना कसं कळवावं ते कुणीच बोललं नाही. यांच्या बंधूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मुलाने निरोप टाकला, "बाबा गेले." मला दिसलं, भाऊजींचा मेसेज आला! हात कापले माझे. जवळच्यांना फोनच कर, बाळा. बाकीच्यांना स्वतःच्या नंबरवरून.

लश्करवाले
आजी म्हणतात तसंच. पण काही लोक फक्त बाबांच्या फोनमध्येच असतील, त्यांच्यासाठी पहिल्याच ओळीत आपलं नाव: "मी त्यांचा धाकटा मुलगा लिहितोय. बाबा अमुक तारखेला गेले. या नंबरवरून पैशांचा निरोप आला तर तो आमचा नाही, मला फोन करा." आणि खाली आपला नंबर.

धाकटा, रामबाग
बघितलं. बाबा शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचं पेज चालवत होते, एकटेच. त्यांच्या एका मित्राला अ‍ॅडमिन करतो, तेवढ्यापुरताच आत जाईन. मेसेज उघडणार नाही. आज रात्री आईच्या शेजारी बसून काकांना फोन करतोय. डिलीट की `Remembering`, यावर दादाशी अजून जमत नाहीये.