पावसाच्या थेंबाची तीन उत्तरं आली: 1,21,000, 121 आणि 12.1. खरं कोणतं, आणि उत्तरपत्रिका न पाहता कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

मानेवाड्याची_आई:
नमस्कार. मुलगी बारावीला आहे. मी बीएस्सी केलं त्याला पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे अर्धं आठवतं, अर्धं नाही. काल रात्री साडेअकरापर्यंत आमच्या घरात एका थेंबावरून भांडण सुरू होतं.

गणित असं: 1 मिमी त्रिज्येचा पाण्याचा थेंब हवेतून पडतो. हवेची व्हिस्कॉसिटी 1.8 × 10⁻⁴ पॉइज. टर्मिनल व्हेलॉसिटी काढा. सूत्र सगळ्यांनी एकच वापरलं, स्टोक्सचं:

```
v = 2 r² (ρ − σ) g / (9 η)
```

मुलीचं उत्तर 1,21,000 मी/से. मैत्रिणीचं 12.1 मी/से. क्लासच्या उत्तरपत्रिकेत 121 मी/से. मुलीचं म्हणणं, "आई, मैत्रिणीचंच बरोबर वाटतं, पाऊस काही 121 नी पडत नाही." मी म्हटलं, उत्तरपत्रिका चुकणार आहे का? पण नंतर मलाच झोप येईना. परीक्षेत मागे उत्तर छापलेलं नसतं. तिथे आपलं आपण कसं तपासायचं?

तर्रीपोहे:
ताई, 121 बरोबर आहे, टेन्शन नका घेऊ. ढग 2 किमीवर धरा. हवा नसती तर √(2gh) नं 198 मी/से आला असता. हवेनं अडवून 121 केला. 198 पेक्षा कमी आला म्हणजे जमलं. मुलीचं 1,21,000 तर सरळ बाद, तेवढा वेग रॉकेटलाही नाही.

कूलर_दुरुस्तीवाला:
विषय निघालाच आहे तर माझं पण विचारून घेतो. माझ्या डेझर्ट कूलरची 50 लिटरची टाकी मे महिन्यात 8 तासांत संपते. मुलानं हिशेब केला तर 4,000 वॉटच्या वर थंडावा निघाला. कूलर तर 200 वॉटचा आहे! उत्तर चूक आहे ना? का माझ्या पंपातून पाणी गळून राह्यलं?

जुना_लॅबवाला:
मानेवाडा ताई, तिन्ही उत्तरांत वेगवेगळी गंमत आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो. आयुष्य प्रॅक्टिकलच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे ही तिन्ही उत्तरं मी याआधी पाहिली आहेत.

आधी मुलीचं. तिनं 1 मिमीचे 10⁻³ मीटर केले, ते बरोबर. पण वर्ग करताना r² च्या जागी 10⁻³ च ठेवले असणार. वही बघा, सापडेल. चौरस मिलिमीटर म्हणजे 10⁻⁶ चौरस मीटर. एक हजाराचा फरक तिथेच पडला.

आता मैत्रिणीचं. तिनं 1.8 × 10⁻⁴ जसाच्या तसा टाकला. तो पॉइजमध्ये आहे आणि बाकी सगळं मीटर-किलोग्रॅममध्ये. पॉइज म्हणजे ग्रॅम भागिले सेंटिमीटर-सेकंद. त्याचं किलोग्रॅम भागिले मीटर-सेकंद केलं की आकडा दहापट लहान होतो, 1.8 × 10⁻⁵. म्हणून तिचं उत्तर दहापट कमी आलं.

या दोन्ही चुका एककांनी पकडता येतात, पण अट आहे. "शेवटी मी/से आलं, झालं" असं म्हणून चालत नाही. मी/से तर दोघींनी लिहिलंच होतं, सवयीनं. आकडा जिथे टाकता, तिथेच त्याला चिकटून एकक लिहायचं:

```
m² × kg/m³ × m/s²  ÷  kg/(m·s)  =  m/s
```

मैत्रिणीनं खाली g/(cm·s) लिहिलं असतं तर वरच्या kg शी ग्रॅम कटला नसता. 'kg वर, g खाली' असं उघडं राहिलं असतं आणि हात थांबला असता. मुलीनं r² च्या जागी (10⁻³ m)² असं कंसात लिहिलं असतं तर वर्ग विसरली नसती.

राहिलं 121. एककं बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर तरीही खोटं आहे.

मानेवाड्याची_आई:
खोटं?! वही पाहिली. r² = 10⁻³ च लिहिलंय, तुम्ही म्हणालात तेच. पण 121 खोटं कसं, सर?

जुना_लॅबवाला:
121 मी/से म्हणजे ताशी 435 किमी. आता बाहेर जाऊन बघायला पाऊस सुरूच आहे. वारा नसताना गाडी ताशी 36 किमी म्हणजे 10 मी/से नं चालवा. थेंब 121 नं पडत असता तर तुम्हाला तो जवळजवळ सरळ डोक्यावर पडताना दिसला असता, उभ्या रेषेपासून फार तर 5 अंश तिरका. प्रत्यक्षात काय होतं? पाऊस समोरून तोंडावर येतो, चष्मा आधी भिजतो. म्हणजे थेंबाचा वेग तुमच्या गाडीच्या वेगाच्याच घरातला आहे, दहा-बारा पट नाही.

तर्रीपोहे भाऊ, तुमचा विचार अर्धा बरोबर. हवेशिवायचा वेग ही वरची मर्यादा, तिच्यावर उत्तर गेलं तर नक्की चूक. पण मर्यादेच्या आत आलं म्हणजे बरोबर, असं नाही होत. उलटं करून बघा: हवा नसताना 121 मी/से गाठायला थेंबाला सुमारे 750 मीटर पडावं लागेल. म्हणजे त्या उत्तरात पाऊण किलोमीटरपर्यंत हवेनं काही केलंच नाही असं धरल्यासारखं झालं.

चूक सूत्र कुठे लावलं यात आहे. स्टोक्सचं सूत्र हवा थेंबाभोवती गुळगुळीत, संथ वाहते तेव्हाचं. ते तपासायला रेनॉल्ड्स नंबर काढा: हवेची घनता × वेग × व्यास ÷ व्हिस्कॉसिटी. 1.2 × 121 × 0.002 ÷ 1.8 × 10⁻⁵, म्हणजे 16,000 च्या आसपास. स्टोक्सला तो 1 पेक्षा कमी लागतो. उत्तर स्वतःच सांगतंय की मला काढायला वापरलेलं सूत्र इथे चालत नाही.

एवढ्या मोठ्या थेंबाला हवा मुख्यतः समोरून ढकलते, वेगाच्या वर्गानं. तसं धरलं तर

```
v = √( 8 r ρ g / (3 C σ) )
  = √( 8 × 10⁻³ × 1000 × 9.8 / (3 × 0.5 × 1.2) ) ≈ 6.6 m/s
```

इथे C म्हणजे ड्रॅग कोइफिशंट, हवा किती अडवते ते सांगणारी संख्या; गोलासाठी ढोबळ 0.5 घेतली. गन आणि किंझर यांनी 1949 साली थेंबांचे वेग प्रत्यक्ष मोजले, 2 मिमी व्यासाला 6.5 मी/से च्या जवळच आले.

मानेवाड्याची_आई:
म्हणजे मैत्रिणीचं चुकलेलं 12.1 खऱ्याच्या सगळ्यात जवळ! आता मुलगी मला सोडणार नाही.

जुना_लॅबवाला:
हो, आणि म्हणूनच ते सगळ्यात घातक. पॉइजची चूक आणि चुकीच्या जागी लावलेलं सूत्र, दोन्ही एकमेकांना थोडं सावरून गेले. नुसती "पटतंय का" ही कसोटी लावली असती तर 12.1 सुटून गेलं असतं, आणि एककं लावली तर 121 सुटतं. दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात. मुलीला सांगा, मैत्रीण नशिबानं जवळ गेली. पुढच्या गणितात पॉइजऐवजी दुसरं काही आलं की ते नशीब राहणार नाही.

सीईटी_रिपीटर:
काका, सगळं मान्य. पण पेपरात पर्याय असतात 1.21, 12.1, 121, 1210. तिथे 6.6 नाहीच. मी तर 121 ला गोल करून पुढे जातो. परीक्षकाला पाऊस नको, स्टोक्स पाहिजे.

जुना_लॅबवाला:
प्रश्नात "स्टोक्सचा नियम वापरून" असं लिहिलं असेल तर 121 लिहा, माझी हरकत नाही. नुसतं "थेंब पडतो, वेग काढा" असेल तर प्रश्नच नीट घातलेला नाही. यावर माझं आणि आमच्या स्टाफरूमचं कधी एकमत झालं नाही.

कूलरवाले भाऊ, पंप उघडू नका. मुलाचं उत्तर बरोबर आहे. तासाला 6 लिटरच्या वर पाणी वाफ होतंय, लिटरमागे सुमारे 24 लाख जूल, 4,000 वॉट निघणारच. ती उष्णता वीज देत नाही, खोलीत येणाऱ्या गरम हवेतून जाते. 200 वॉट फक्त पंखा आणि पंप फिरवायला. तुलना चुकीच्या गोष्टीशी केली की बरोबर उत्तरही चूक वाटतं. पाणी गळत असेल तर मात्र खाली ओल दिसेल, ते एकदा बघा.

कूलर_दुरुस्तीवाला:
ओल आहे थोडी.

तर्रीपोहे:
हा हा. मग हिशेबातून गळलेलं वजा करा भाऊ.
लॅबवाले काका, एक शंका. थेंब पडताना चपटा होतो म्हणतात, गोल राहतच नाही. मग तुमचं C पण गडबडलं ना?

जुना_लॅबवाला:
2 मिमीचा थोडाच चपटा होतो, C 0.5 च्या आसपास चालतो. 5 मिमीचा बऱ्यापैकी चपटा होतो, तिथे माझं सूत्र जास्त वेग दाखवेल. खरे मोठे थेंबही 9 मी/से च्या फार पुढे जात नाहीत.

मानेवाड्याची_आई:
आज संध्याकाळी सक्करदऱ्याहून येताना पाऊस लागला. स्कूटी मी चालवत होते, मुलगी मागे. सिग्नलला उभं असताना पाऊस सरळ पडत होता, निघाल्यावर 35 च्या आसपास सगळा माझ्या व्हायझरवर, आणि तिच्या कपाळावर माझ्या खांद्यावरून. ती म्हणाली, "आई, 121 नाहीच." मग लगेच, "पण 12 की 6.6 हे असं कळणार नाही ना?" मी गप्प. शिवाय वारा होताच.

क्लासच्या सरांनाही विचारलं. ते म्हणाले, स्टोक्स लावायचा म्हणून त्रिज्या 0.1 मिमी करून घेऊ, म्हणजे उत्तर 1.21 येईल आणि पटेलही. हे चालेल का?

जुना_लॅबवाला:
पटेल, पण रेनॉल्ड्स नंबर काढून बघायला सांगा. 1.2 × 1.21 × 0.0002 ÷ 1.8 × 10⁻⁵, म्हणजे 16. अजूनही 1 च्या वरच. त्या थेंबाचा मोजलेला वेग 0.7 मी/से च्या जवळपास आहे. त्रिज्या 0.01 मिमी घ्या, ढगातल्या थेंबाएवढी. मग वेग सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आत येईल आणि स्टोक्सही खरा ठरेल. पण त्याला पाऊस म्हणता येणार नाही, धुकं म्हणावं लागेल.