मदत हवी आहे: सर्दीच्या गोळीने बाबांची लघवी अडली असेल का?

निशिगंध: बाबा ७१ वर्षांचे, प्रोस्टेट वाढलंय, दोन वर्षं रात्री टॅमसुलोसिन ०.४ चालू आहे आणि बरं चाललं होतं. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दिवसाला तीन अशा दोन दिवस घेतल्या. परवा रात्री सारखं उठत होते पण थेंब थेंबच, आम्हाला वाटलं होतेय की थोडी थोडी, पाणी कमी पडलं असेल म्हणून मी उलट दोन तांबे पाजले 😞 पहाटे बेंबीखाली पोट टणक, दरदरून घाम, मग नेलं. नळी घातल्यावर ९०० मिली निघाली. उद्या नळी काढून बघणारेत. गोळीचं डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं. पाकिटावर पॅरासिटामॉल ५००, फेनिलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ असं लिहिलंय.

अण्णा_६८: झोप आणणारी गोळी प्रोस्टेटवाल्यांना चालत नाही, मला पण सांगितलंय. सेट्रिझिन घ्यायची, काही होत नाही.

औषधवाली: अण्णा, अर्धं बरोबर. सेट्रिझिनचा धोका कमी आहे पण तिनेही काहींना झोप येते आणि क्वचित लघवी अडते. निशिगंध, यात दोन औषधं मिळून घोळ करतात. क्लोरफेनिरामिनने मूत्राशयाचा स्नायू ढिला पडतो, पिळून बाहेर ढकलायची ताकदच राहत नाही. आणि फेनिलेफ्रिन, जे नाक मोकळं करायला असतं, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं, म्हणजे टॅमसुलोसिन जे सैल करतं नेमकं तेच. थेंब थेंब येत होती ती भरून सांडत होती हो, होत नव्हती. पाकीट उद्या डॉक्टरांना दाखवाच, टॅमसुलोसिन मनाने बंद करू नका.

रेवा_ठाणे: माझ्या आईला काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत, तिने पण हीच गोळी घेतली, लघवी व्यवस्थित आहे. मग चालते ना?

औषधवाली: रेवा, तिथे प्रश्न लघवीचा नाही, डोळ्याचा. काचबिंदू कुठला ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. कोन उघडा असेल तर सहसा फार भीती नसते. कोन अरुंद असेल आणि लेझरने भोक पाडलेलं नसेल तर बाहुली मोठी होऊन पाण्याची वाट बंद होते, प्रेशर काही तासांत चढतं. डोळा लाल, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, डोकं ठणकणं, उलटी. लोक पित्त समजून बसतात. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

अण्णा_६८: मग सर्दीला आम्ही घ्यायचं काय, काढा?

औषधवाली: मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे, वाफ जपून, तापाला नुसतं पॅरासिटामॉल. शिंकाच फार असतील तर फेक्सोफेनाडिन, पण डॉक्टरांना विचारून, आणि नाव बघून घ्या, फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन जोडलेली नको.

निशिगंध: अपडेट. पाकीट दाखवलं, डॉक्टर म्हणाले हेच कारण असू शकतं पण प्रोस्टेटही आधीपेक्षा मोठं दिसतंय, त्यामुळे नक्की सांगत नाहीत. सकाळी नळी काढली, तीन तासांनी १५० मिली झाली. आत किती उरलीय ते सोनोग्राफीत बघायला नेतोय.