घरी चार्जिंग खरंच स्वस्त का? बिलाने हिशेब चुकवला

कोथरूडकर: मार्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. महिन्याला साधारण 1000 किमी, सगळं पुण्यातच. घरचा वापर 220 युनिट, बिल 2,425 रुपये, म्हणजे युनिटला 11. गाडीचा स्क्रीन 100 किमीला 13.5 युनिट दाखवतो, म्हणून 1,500 रुपये वाढतील असं धरलं होतं. बिल आलं 4,765! मीटर नादुरुस्त आहे की माझा हिशेब? आणि फास्ट चार्जर व पेट्रोलच्या तुलनेत मी नेमका कुठे आहे?

वीजवाला_नाशिक: मीटर ठीक आहे. दोन गोष्टी सुटल्या.

पहिली म्हणजे स्क्रीन बॅटरीतून गेलेली वीज दाखवतो, मीटर भिंतीतून गेलेली. घरच्या एसी चार्जिंगमध्ये गाडीतला चार्जर तापतो आणि दहा टक्क्यांच्या आसपास वीज तिथे जाते. तुमचे 135 युनिट मीटरवर 150 होतात.

दुसरी मोठी. सरासरी दर इथे लावायचाच नाही. गाडीचे युनिट घरच्या 220 च्या डोक्यावर बसतात. महावितरणच्या 2024-25 च्या दरांत वहन आकार धरून 101 ते 300 ला साधारण 11.46 आणि 301 ते 500 ला 15.72 रुपये होते. तुमचे पहिले 80 युनिट साडेअकराने गेले, उरलेले 70 पावणेसोळाने. बेरीज 2,017, त्यावर 16% वीज शुल्क, झाले 2,340. बिलातला फरक बरोबर एवढाच आहे. किलोमीटरला 2.34 रुपये.

पेट्रोलप्रेमी: तेच तर सांगतोय कधीपासून. घरी अडीच, बाहेर चार. बाहेरची चार्जिंग आणि पेट्रोल आता एकच झालंय, मग रांगेत उभं कशाला राहायचं?

वीजवाला_नाशिक: एकच नाही, पण हायवेवर जवळ येतं हे खरं. मी पुणे-कोल्हापूर करतो. शंभरच्या वेगाला 100 किमीला 17 युनिट लागतात आणि जीएसटीसह 24 रुपये दर पडला, म्हणजे किमीला 4.08. माझी जुनी पेट्रोल गाडी त्याच रस्त्यावर 19 चं मायलेज द्यायची; 104 रुपये लिटरने 5.47. फरक 1.40 चा. 22 देणारी छोटी हॅचबॅक असेल तर साठ-सत्तर पैसेच उरतात. शहरात मात्र तीच पेट्रोल गाडी 14 वर येते, साडेसात रुपये. तिथे तुलनाच नाही.

सानिका_ठाणे: आमच्याकडे दोन एसी, घरचाच वापर 520 च्या वर. मग गाडीचा प्रत्येक युनिट शेवटच्या स्लॅबमध्ये?

वीजवाला_नाशिक: हो, महावितरणचं बिल असेल तर. त्याच 2024-25 च्या दरांत 500 च्या पुढे 17.81 होते, शुल्कासह पावणेएकवीसच्या आसपास. चार्जिंगमधली गळती धरून किमीला 3.10. फास्ट चार्जर बहुतेक ठिकाणी गाडीत उतरलेली डीसी वीज मोजतो, एसी-डीसीमधली गळती चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या खिशातून जाते. म्हणून 24 च्या दरानेही शहरात 3.24 पडतात. तुमच्यासाठी घर आणि बाहेर यात 14 पैशांचा फरक आहे. वेगळं ईव्ही कनेक्शन घ्या. त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत. माझ्या मीटरवर स्थिर आकार धरून साडेनऊच्या आसपास पडतं, किमीला 1.43.

सानिका_ठाणे: सोसायटी वेगळ्या मीटरला परवानगी देत नाहीये. पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची यावर चार महिने मीटिंगा चालू आहेत.

गच्चीवरचं_ऊन: मी सोलार बसवलंय, नेट मीटर आहे. माझं चार्जिंग फुकट, 3 किलोवॅटचं पॅनल आणि किमीला शून्य रुपये.

कोथरूडकर: फुकट कसं? तो युनिट गाडीत गेला नसता तर तुमच्या घरच्या बिलातून वळता झाला असता ना?

गच्चीवरचं_ऊन: माझे वर्षाअखेर युनिट शिल्लक राहतात आणि त्याचा मोबदला अगदी कमी मिळतो. शिल्लक असेपर्यंत तरी माझं म्हणणं बरोबर. उन्हाळ्यात एसी वाढला की तुमचं खरं.

पेट्रोलप्रेमी: गाडी घेताना तीन लाख जास्त दिलेत, ते कुणी धरलं नाही. किमीला पाच रुपये वाचले तरी 60,000 किमी लागतात. महिन्याला हजार किमीवाल्याला पाच वर्षं.

वीजवाला_नाशिक: हे मान्य. सर्व्हिसिंगचा खर्च कमी पडतो आणि पाच वर्षांनी विकताना काय भाव येईल, यावर ती पाच वर्षं पुढे-मागे होतील. तो भाव मी आज सांगू शकत नाही.

कोथरूडकर: वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करतो. पहिलं बिल आलं की आकडे इथेच टाकेन.