अनुभव धागा: ओळख करून द्या म्हणताना मधल्या माणसाला नेमकं काय लिहून पाठवता?

वागळेवाली
वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. प्रेशर गेज, तापमानाचे सेन्सर वगैरे. एनएबीएल आहे. तारापूरच्या एका औषध कंपनीत माझा जुना सहकारी स्टोअर्सला आहे. त्याच्या ओळखीने तिथल्या इंजिनिअरिंग हेडपर्यंत जायचंय. तो आनंदाने "सांग की, बोलतो" म्हणाला, पण पुढे काही हलत नाही. तुम्ही अशा वेळी मजकूर लिहून देता का? कसा? ज्यांच्याकडे लोक अशी ओळख मागायला येतात त्यांनीही लिहा, त्यांची बाजू कोणी सांगत नाही.

प्रभादेवीकर
एवढा विचार कशाला? व्हॉट्सॲपवर चार ओळी आणि ब्रोशरची पीडीएफ टाकायची, तो पुढे ढकलतो. माझा इंटिरिअरचा धंदा असाच चालतो. ईमेल आता वाचतं कोण?

जुना परचेसवाला
ठाणे-बेलापूर पट्ट्यात अख्खी नोकरी परचेसमध्ये गेली. त्यामुळे असे निरोप मला यायचे आणि मीही पुढे पाठवायचो.

चार ओळींचं प्रभादेवीकरांचं म्हणणं बरोबर, ब्रोशरचं नाही. तुमचा मित्र "बोलतो" म्हणाला आणि हललं नाही, यात त्याचा आळस नाही. काय बोलायचं हे त्याला माहीत नाही. कॅलिब्रेशन त्याचा विषय नव्हे. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या तुमचा मेसेज वाचताना त्यात एक शब्द जरी बदलावा लागणार असेल, तर तो "घरी जाऊन करू" म्हणतो आणि तिथेच विषय संपतो.

म्हणून दोन वेगळे मेसेज पाठवा. एक फक्त त्याच्यासाठी: जमेल का, संकोच वाटत असेल तर सरळ नाही म्हण, मला वाईट वाटणार नाही. दुसरा कोरा, जसाच्या तसा पुढे जाण्याजोगा. ईमेल असेल तर नवी सुरू करा, जुन्या गप्पांच्या उत्तरात लिहू नका. कारण फॉरवर्ड करताना खालची सगळी साखळी सोबत जाते. एका पुरवठादाराच्या मेलखाली "तुमचे इंजिनिअरिंगवाले फार किचकट आहेत हो" असं तीन मेल मागे लिहिलेलं होतं. ते थेट इंजिनिअरिंग हेडच्या पुढ्यात गेलं. पुढचं सांगायला नको.

कळव्याचे काका
माझ्या मुलाचं बीई मेकॅनिकल झालंय. तारापूरला कुणाची ओळख असेल तर त्याचा बायोडाटा पाठवू का? वागळेवाली ताई, तुमच्याकडेही जागा असेल तर सांगा.

वागळेवाली
काका, बायोडाटा मला पाठवा, बघते. पण इथे विषय वेगळा चाललाय.

बीकेसीतली
मी मधला माणूस असते, म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, ओळख मागण्याआधी विचारा की ओळख किती दाट आहे. लिंक्डइनवर जोडलेले आहोत म्हणजे मी त्यांना फोन करू शकते असं नाही. अर्धे लोक मी कधी पाहिलेलेही नाहीत.

दुसरं, मी कधीच दोघांना थेट एका मेलमध्ये अडकवत नाही. आधी समोरच्याला तुमचा मजकूर एकट्याला पाठवते, "बघा, बोलायचंय का?" असं विचारते. हो आलं तरच जोडून देते. नाही आलं तर ते माझ्यापाशीच राहतं, कोणाचा अपमान होत नाही. म्हणून तुमचा मजकूर माझी एक ओळही वर नसताना वाचला तरी कळला पाहिजे. "काल बोलल्याप्रमाणे" असं त्यात असेल तर संपलंच.

वागळेवाली
परचेसवाले काका, माझाच मजकूर दुरुस्त कराल का? हा मी लिहिलेला: "आम्ही २००९ पासून कॅलिब्रेशन क्षेत्रात दर्जेदार सेवा देणारी अग्रगण्य लॅब असून आपल्या नामांकित कंपनीसोबत दीर्घकालीन संबंध जोडण्यास उत्सुक आहोत."

जुना परचेसवाला
हे कुठल्याही लॅबचं असू शकतं, म्हणून पुढे जात नाही. मी असं लिहीन:

"विषय: शटडाऊनमध्ये प्रेशर गेज जागेवरच कॅलिब्रेट करण्याबद्दल १५ मिनिटं

आमची लॅब ठाण्यात, एनएबीएल मान्यताप्राप्त. औषध कंपन्यांचे प्रेशर गेज आणि तापमानाचे सेन्सर आम्ही प्लांटमध्ये येऊन तपासतो, त्यामुळे ते काढून बाहेर पाठवावे लागत नाहीत. तुमच्या पुढच्या शटडाऊनआधी इंजिनिअरिंग हेडशी फोनवर १५ मिनिटं बोलता येईल का? तुमचे कोणते गेज आमच्या स्कोपमध्ये बसतात एवढंच बघायचंय, दराची चर्चा आता नको. एनएबीएल स्कोपची लिंक खाली दिली आहे. हा विषय दुसऱ्या कोणाकडे असेल तर तेवढं कळवलंत तरी पुरे."

दोन गोष्टी बघा. ब्रोशरऐवजी स्कोप. औषध कंपनीत पुरवठादार मंजूर करताना क्यूए आधी हेच बघतं की तुमच्या मान्यतेत ते मोजमाप आणि ती रेंज आहे का. आणि जागेवर जाऊन काम करणं स्कोपमध्ये नसेल तर ते वाक्य काढा, पहिल्याच फोनवर पकडले जाल. दुसरं, दराचं बोलणं मुद्दाम बाजूला ठेवलंय. दर काढलात की मेल परचेसकडे वळते आणि तीन कोटेशनांच्या ढिगात जाते.

प्रभादेवीकर
हे पटलं. पण "आमची लॅब" का? माझ्या मते मधल्याच्या तोंडी घालून लिहावं, "माझ्या ओळखीची एक लॅब आहे." त्याला कॉपी-पेस्ट करता येतं, आणि व्हॉट्सॲपवर फॉरवर्डची खूणही दिसत नाही.

बीकेसीतली
व्हॉट्सॲपवर मलाही तसंच सोयीचं जातं. मेलवर मात्र तुमच्याच शब्दांत हवं.

जुना परचेसवाला
मला नाही पटत. मधल्याच्या नावावर लिहिलं की त्याने काम पाहिलंय असा अर्थ निघतो. स्टोअर्सच्या माणसाने कॅलिब्रेशनची हमी का द्यावी? उद्या गेज चुकला तर विचारणा त्याला होईल.

भिवंडीचा भाऊ
मधल्याला काही टक्के द्यायचे का? आमच्या कापडात चालतं.

जुना परचेसवाला
तो त्याच कंपनीत नोकरीला आहे ना? मग अजिबात नाही. नोकरी जाईल त्याची. बाहेरचा दलाल असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याला दलालच म्हणा, मित्र नको.

भिवंडीचा भाऊ
आमच्याकडे दिवाळीचा डबा पण टक्क्यात धरतात. असो.

वागळेवाली
आज सकाळी दोन्ही मेसेज पाठवले. स्कोप तपासला. जागेवरचं तापमान बसतंय, प्रेशरची एक रेंज फक्त लॅबमध्ये आहे, म्हणून तेवढं वाक्य बदललं. मित्राचं लगेच "हे पाठवतो" आलं. आता इंजिनिअरिंगकडून उत्तर नाही आलं तर किती थांबायचं? आणि आलं तर?

बीकेसीतली
आलं तर त्याच दिवशी, त्याच मेलवर उत्तर द्या. पहिल्या ओळीत मित्राचे आभार, त्याला बीसीसीमध्ये हलवा म्हणजे तुमच्या वेळा ठरवण्याच्या मेल त्याला येत राहणार नाहीत, आणि लगेच दोन वेळा सुचवा. फोन झाला की मित्राला एका ओळीत काय झालं ते कळवा, मी तर तेवढ्यावरच पुढची ओळख करून देते.

नाही आलं तर आठवडाभर थांबून मित्रालाच विचारा, हेडना परस्पर फोन करू नका. आणि विचारताना नुसतं "काही झालं का?" नको. तारापूरकडे तुमचं दुसरं काम असेल तर तो दिवस कळवा. तेवढं पुढे पाठवणं त्याला सोपं जातं.