शब्दचर्चा : ‘ईएफबी’, ‘एजीएम’ आणि दुकानातली ‘ड्राय’ बॅटरी

होटगीरोडकर : माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की चालू होते. मूळ बॅटरीवर ‘ईएफबी’ आणि ‘एन ५५’ छापलेलं होतं. गेल्या वर्षी बदलताना दुकानदार म्हणाला, माप तेच आहे, साधी ‘५५ बी २४ एल’ घ्या, स्वस्त पडेल. बसलीही चपखल. दिवाळीनंतर सिग्नलला गाडी बंद होणंच थांबलं, आणि आता एप्रिलात एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टकटक. दुसरा दुकानदार म्हणतोय, ‘ड्राय’ टाका. हे सगळे शब्द एकाच वस्तूचे की वेगवेगळ्या?

सभासद क्र. दोन : एजीएम म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा ना? आमच्या पतसंस्थेची झाली, अहवाल अजून हातात नाही. त्यात बॅटरी कुठून आली?

वायरमन : काका, ही वेगळी एजीएम. यात प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंची गादी दाबून बसवलेली असते आणि ॲसिड त्या गादीत शोषलेलं असतं. सांडायला मोकळं ॲसिड नाही, म्हणून बाजारात ‘ड्राय’ म्हणतात. पण काही दुकानांत पाणी न घालता चालणाऱ्या कुठल्याही बॅटरीला ड्राय म्हणतात, तेव्हा त्या शब्दावर पैसे मोजू नका. ईएफबीमधलं ‘एफ’ फ्लडेडचं. म्हणजे आत ॲसिड मोकळंच, साध्या बॅटरीसारखं. फक्त प्लेटा दणकट, आणि लेप झडू नये म्हणून त्यावर बारीक जाळीदार कापड. बाहेरून ती साधीसारखीच दिसते, ओळख लेबलवरूनच. ‘एन ५५’ आणि ‘५५ बी २४’ यांचा डबा एकाच मापाचा, म्हणून चपखल बसली. आतला माल वेगळा.

पार्कचौकी : साधं कारण आहे. दिवसातून पंचवीस वेळा स्टार्टर फिरणार, बॅटरी दमणारच. जास्त अँपिअरची साधी टाका, विषय संपला.

वायरमन : स्टार्टरचा भार आहेच, पण तो या गोष्टीचा निम्माच भाग. हिशोब करून बघा. गरम इंजिन उचलायला समजा २०० अँपिअर, तेही एक सेकंद, म्हणजे ०.०६ अँपिअर-तासही नाही. आता सात रस्त्याच्या सिग्नलला एक मिनिट उभे आहात, इंजिन बंद, पण दिवे, ब्लोअर, गाणी चालू. ३० अँपिअर धरले तर अर्धा अँपिअर-तास गेला. असे दहा सिग्नल म्हणजे पाच, आणि तुमची बॅटरी आहे ४५ अँपिअर-तासांची. बॅटरी खाते ती उभं राहण्याची वेळ.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते सगळं परत भरत नाही. साधी बॅटरी बांधलेलीच असते एकदा जोर लावून पुन्हा गच्च भरून बसण्यासाठी. ती अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट साचून कडक होतं, जड ॲसिड तळाला बसतं आणि धन प्लेटेचा लेप मऊ होऊन झडतो. डबा मोठा घेतला तर हे उशिरा होईल, टळणार नाही.

होटगीरोडकर : मग गाडी सिग्नलला बंद व्हायची थांबली, ती का?

वायरमन : बहुधा ती पहिली खूण होती. ऋण टोकावरचा सेन्सर बॅटरीवर लक्ष ठेवतो. परत चालू होण्याची खात्री वाटली नाही तर गाडी इंजिन बंदच करत नाही. एसीमुळेही तसं होतं, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात ती खूण झाकली जाते. तुमचं थंडीत झालं, तेव्हा संशय बॅटरीवरच. रात्रभर उभ्या गाडीत मीटर लावून बघायला हवं होतं. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

विजापूर रोडच्या काकू : आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ते सिग्नलला आपोआप बंद होणं बटण दाबून थांबवूनच ठेवतो. साधीच बॅटरी आहे, तिसरं वर्ष लागलं. काही झालं नाही हो.

वायरमन : काकू, त्याने भार नक्की कमी होतो. पण बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक लावताना चार्ज करता यावं म्हणून अल्टरनेटर बॅटरीत मुद्दाम थोडी जागा रिकामी ठेवतो. ते त्या बटणाने थांबत नाही. तुमच्या गाडीत तसं आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघावं लागेल.

पार्कचौकी : बरं, मग सरळ एजीएम घेऊ दे की. महाग ते चांगलं.

वायरमन : सोलापुरात बॉनेटखाली? मी नाही सांगणार. एजीएमला उष्णता सोसत नाही. ॲसिड मोजकंच, उडालेलं पाणी परत घालता येत नाही. परदेशी गाड्यांत ती अनेकदा डिकीत असते, ते उगाच नाही. कंपनीने ईएफबी दिली असेल तर ईएफबीच. एजीएम दिली असेल तर मात्र खाली उतरू नका.

एमआयडीसीवाला : एवढंही नाही. माझी एजीएम बॉनेटखालीच आहे, कंपनीनेच दिलेली, वर उष्णतेचं आवरण. दोन उन्हाळे गेले.

वायरमन : आवरण आहे ना, मग ठीक. तिसऱ्या उन्हाळ्यात कळवा.

होटगीरोडकर : उद्या ‘एन ५५’ ईएफबी आणतो. त्यावर ‘एल’ पण बघायचं का?

वायरमन : बघायचंच, टोकं कुठल्या बाजूला ते त्यावर ठरतं. ‘आर’ आणलीत तर केबल पोचणार नाही.