अनुभव धागा: ऑर्डर 'पॅक्ड'वरच अडकली, तर रद्द कधी करायची?

लॅपटॉपचा चार्जर जळाला म्हणून सोमवारी नवा मागवला. मंगळवारी सकाळी ॲपवर 'पॅक्ड' आलं, ट्रॅकिंग नंबरही आला, म्हणून निश्चिंत झालो. शुक्रवार उजाडला तरी तेच. तोच नंबर कुरियरच्या साइटवर टाकला, तर फक्त एक ओळ: Label created. त्याखाली ना गावाचं नाव, ना वेळ. शनिवारी रद्द केली आणि दुसरीकडून मागवला. तो आला, पण चार दिवस काम बंद राहिलं ते राहिलंच. बुधवारीच रद्द करायला हवी होती का, हे मला अजून कळलेलं नाही. तुमचे अनुभव लिहा. किती थांबलात, कशावरून ठरवलंत?

निळीशाई
माझा सरळ नियम आहे. तीन दिवस हललं नाही की रद्द. पैसे लगेच परत येतात, मग थांबायचं कशाला?

गोदामातला
मी काही वर्षं गोदामात पॅकिंगच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'पॅक्ड' म्हणजे खोकं बांधून झालं, असं प्रत्येक वेळी नसतं. बऱ्याच ठिकाणी विक्रेत्याने लेबल छापलं की स्टेटस आपोआप बदलतं. ऑर्डर वेळेत हातावेगळी केली नाही तर विक्रेत्याचं रेटिंग घसरतं, त्यामुळे माल हातात नसतानाही लेबल आधी काढून ठेवणारे असतात. मग मुलगा यादी घेऊन रॅकपाशी जातो. संगणक म्हणतो एक नग शिल्लक, आणि रॅकवर रिकामं खोकं किंवा भलताच मॉडेल. ते लेबल टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवतात, 'उद्या माल येईल' म्हणत.

म्हणून दिवस मोजण्याआधी कुरियरचं पहिलं स्कॅन झालंय का ते बघा. ते होत नाही तोवर पार्सल बहुधा विक्रेत्याकडेच आहे, किंवा अजून बनलेलंच नाही. दुसरी खूण म्हणजे त्याच विक्रेत्याच्या पानावर तीच वस्तू आज मिळते का ते पाहणं. तिथे 'स्टॉक संपला' दिसलं किंवा नव्या ऑर्डरला बरीच पुढची तारीख दाखवत असेल, तर तुमचा नग बहुधा नाहीच. धागाकर्त्यांच्या जागी मी असतो, तर ॲपवर दिलेली रवाना करण्याची तारीख उलटल्यावर कामाचा एक दिवस थांबलो असतो. तेवढ्यात स्कॅन नाही झालं, तर रद्द.

मोरपंखी
माझंही असंच झालंय हो! पार्सल सहा दिवस एकाच हबवर पडून आहे. रद्दचं बटणच दिसत नाही. काय करू?

गोदामातला
मोरपंखी, तुमचं वेगळं आहे. तुमचं पार्सल निघालंय, मध्येच रखडलंय. आता रद्द नाही, तक्रार करावी लागेल. दिलेली तारीख उलटली की 'मिळालं नाही' म्हणून नोंदवा.

संध्याछाया
निळीशाई, पैसे लगेच येतात हे माझ्या बाबतीत अर्धंच खरं ठरलं. ॲपच्या वॉलेटमध्ये घेतले तर आले, पण कार्डावर परत यायला आठवडा लागला. वर घाईत मी आधी दुसरीकडे ऑर्डर दिली आणि मग पहिली रद्द करायला गेले. तिथे 'रद्द करण्याची विनंती पाठवली' एवढंच आलं. विक्रेत्याने ती मान्य करायच्या आत पार्सल पाठवून दिलं. दारात दोन मिक्सर! एक घेतलाच नाही, परत पाठवला, पण त्याचे पैसे मिळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. आता 'रद्द झाली' असा स्पष्ट मेसेज आल्याशिवाय मी दुसरीकडे पैसे भरत नाही.

चौकटराजा
थांबण्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं. मी नाव कोरलेली पाटी मागवली होती. नऊ दिवस 'प्रोसेसिंग'. रद्द करणारच होतो, तेवढ्यात पान नीट वाचलं. बनवायलाच दहा दिवस लागतील असं लिहिलेलं होतं. दहाव्या दिवशी निघाली. आणखी एक: एकाच ऑर्डरमध्ये चार वस्तू असतील तर कधीकधी एकीसाठी बाकीच्या तीन अडकतात. एकदा मी फक्त ती अडलेली वस्तू रद्द केली आणि उरलेल्या त्याच संध्याकाळी निघाल्या.

निळीशाई
हे माहीत नव्हतं. पण सवलतीत घेतलेल्या वस्तूचं काय? रद्द केली की तो भाव गेला. कूपनही परत मिळालं नाही मला.

संध्याछाया
मला एकदा मिळालं, एकदा नाही. विक्रेत्यानेच रद्द केली तेव्हा मिळालं होतं, पण कारण तेच होतं का, हे सांगता येणार नाही.

गोदामातला
म्हणून भाव महत्त्वाचा असेल तर आधी विक्रेत्याला एकच प्रश्न लिहा: "माल हातात आहे का, आणि कुरियर कधी उचलणार?" दिवस सांगितला तर तेवढं थांबा. 'लवकरच' असं उत्तर आलं, तर मी तरी थांबत नाही.