‘कोमी’ म्हणणारे आळशी? काहीही!

माद्रिदवेडा: स्पॅनिश शिकायची तर स्पेनचीच. आबेर हे सहायक क्रियापद लावून नीट ‘ए कोमीदो’, म्हणजे ‘मी खाल्लंय’, म्हणायचं सोडून मेक्सिको-अर्जेंटिनावाले सरळ साध्या भूतकाळात ‘कोमी’, म्हणजे ‘मी खाल्लं’, म्हणून मोकळे. केलेलं, म्हटलेलं, ठेवलेलं यांची एचो, दीचो, पुएस्तो असली अनियमित रूपं पाठ करायचा कंटाळा, दुसरं काय!

तिखटजाळ: हे वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. अहो, कंटाळा असता तर ते उलट आबेरलाच चिकटले असते! ‘एचो’ एकदा पाठ केलं की कर्ता कुणीही असो, ते हलत नाही, बदलतं फक्त आबेर. साध्या भूतकाळात मात्र त्याच क्रियापदाची इसे, इसीस्ते, इसो, इसीमोस अशी अख्खी वरात, शिवाय दीचो-पुएस्तोच्या जागी दीखे आणि पुसे वेगळेच. म्हणजे ‘आळशी’ माणसानं अवघड वाट धरली म्हणायची का?

आणि मेक्सिकोवाले आबेर सोडत नाहीत, त्याचं काम वेगळं ठेवतात. मी मेक्सिकोच्या क्लायंटबरोबर काम करते. सकाळी दहाची मीटिंग, हुआनचा पत्ता नाही. सव्वादहाला त्यांचा माणूस म्हणतो ‘हुआन नो आ येगादो’, म्हणजे अजून वाट बघतोय. संध्याकाळी तोच माणूस म्हणतो ‘हुआन नो येगो’, विषय संपला, आला नाही तो. माद्रिदचा माणूस दिवस संपेपर्यंत दोन्हीला ‘नो आ येगादो’च म्हणेल. आता सांगा, बारकावा कुणाकडे जास्त?

माद्रिदवेडा: माद्रिदचा नियम निदान स्वच्छ आहे. आज, या आठवड्यात, या वर्षी असं काही असलं की आबेर, काल म्हटलं की साधा भूतकाळ. २० नोव्हेंबर १९७५ ला पहाटे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेला, सकाळी पंतप्रधान टीव्हीवर काय म्हणाला? ‘फ्रांको आ मुएर्तो.’ तेच मेक्सिकोत ‘मुरियो’ झालं असतं.

टिपकागद: तिखटजाळ, +१. थोडक्यात स्पेन म्हणजे आबेर आणि लॅटिन अमेरिका म्हणजे साधा भूतकाळ, झालं.

जुनाट_पोपट: झालं कुठे? गॅलिसिया, आस्तुरियास, कॅनरी बेटं स्पेनमध्येच आहेत ना? तिथे ‘नाश्ता केला’ हे त्याच सकाळी साध्या भूतकाळात ‘देसायुने’ होतं. गॅलिसियन भाषेत आबेरचा असा काळच नाही, मग तिथल्या माणसाच्या स्पॅनिशमध्ये तो कमी येणारच. आणि फ्रँको स्वतः गॅलिसियाचा, माद्रिदवेडा, चांगलं उदाहरण निवडलंत! उलट बोलिव्हिया, पेरूचा डोंगराळ भाग आणि अर्जेंटिनातलं साल्ता, तुकुमान इथे आबेर भरपूर. त्यामुळे नकाशावर समुद्र ओलांडला की नियम बदलला असं नसतं हो.

चहाबाज: माझं वेगळंच दुखणं. क्लासच्या परीक्षेत मी ‘छापलंय’साठी ‘ए इंप्रीमीदो’ लिहिलं, बाईंनी ‘इंप्रेसो’ करून मार्क कापला. दोन्ही चालतं ना?

जुनाट_पोपट: चालतं. ‘तळलेलं’च्या फ्रीतो-फ्रेईदोचंही तसंच. आबेरबरोबर दोन्ही बरोबर, पण बटाटे मात्र ‘फ्रीतास’च, ‘फ्रेईदास’ म्हटलं तर लोक हसतील.

चहाबाज: मग ‘मोडलेलं’साठी ‘रोतो’ऐवजी ‘रोंपीदो’ का नाही?? लहान मुलं म्हणतातच की.

जुनाट_पोपट: म्हणतात आणि मोठे दुरुस्त करतात. रोतो, एस्क्रीतो, एचो ही लॅटिनमधून तयार होऊन आलेली रूपं, फाक्तुमचं एचो झालं ते ‘रात्र’ या अर्थाच्या नोक्तेमचं नोचे झालं त्याच रस्त्यानं. रोज तोंडात असलेली टिकली. पण तुमच्या मार्काचा आणि मेक्सिकोचा काय संबंध?

चहाबाज: संबंध हा की त्याच बाईंनी ‘ओय कोमी’, म्हणजे ‘आज खाल्लं’, यालाही लाल रेघ मारली होती!!

तिखटजाळ: बघा, हेच म्हणतेय मी. मेक्सिको सिटीत कुणी भुवई वर केली नसती.

कोकणी_कोंबडा: मराठीसारखंच आहे सगळं, आला आणि आलाय. एवढं काय भांडताय?

तिखटजाळ: नाही हो, आपण ‘काल आलोय’ बिनधास्त म्हणतो. माद्रिदमध्ये ‘आयेर ए येगादो’ म्हणून बघा.

माद्रिदवेडा: ठीक, आळशी शब्द मागे, इसे-इसीस्तेचा मुद्दा बरोबर आहे. पण परीक्षा स्पेनच्या पुस्तकावर असेल तर क्लासमध्ये दुसरं का शिकवायचं? आणि बोलिव्हियात आबेर एवढं का, ते पोपटराव अजून सांगत नाहीत.

जुनाट_पोपट: केच्वा-आयमारा या तिथल्या मूळ भाषांचा परिणाम म्हणणारे आहेत, न मानणारेही आहेत. परीक्षेचं म्हणाल तर त्या बाईंशी तुम्हीच बोला, तुमचं त्यांच्याशी जमेल.

चहाबाज: 😂 नंबर देऊ का?